दोन साहेब, एक रजा

प्रति,
महाराष्ट्रातील माहिती-तंत्रज्ञान आणि सेवा कंपन्यांचे मनुष्यबळ प्रमुख यांस

विषय : दोन व्यवस्थापकांच्या हाताखाली काम करणाऱ्या कर्मचाऱ्याच्या रजेला एकच, समन्वयाने दिलेली मंजुरी मिळावी.



आपल्या कंपन्यांत काम करणाऱ्या अनेकांना आज एक नव्हे तर दोन साहेब असतात. लाइन मॅनेजरच्या खात्यात माणसाची नेमणूक होते. त्याची पगारवाढ, बढती आणि प्रशिक्षण हाच व्यवस्थापक बघतो. प्रोजेक्ट मॅनेजर त्या माणसाकडून रोजचे काम करून घेतो, त्याचे वेळापत्रक ठरवतो आणि ग्राहकाला जबाब देतो. कंपनीच्या आराखड्यात पहिल्याकडे जाणारी रेघ सलग असते आणि दुसऱ्याकडे जाणारी तुटक. हीच मॅट्रिक्स रचना. हे पत्र त्या रचनेविरुद्ध नाही. एका माणसाचे कौशल्य तीन प्रकल्पांना पुरवायचे असेल, तर अशी काहीतरी आखणी करावीच लागते. माझे म्हणणे फक्त रजेपुरते आहे. दोन साहेब असलेल्या माणसाला रजेसाठी दोन होकार स्वतःच गोळा करत फिरावे लागते. दोघांचे जमवून आणण्याचे काम, जे मुळात संस्थेचे आहे, ते संस्थेतल्या सर्वांत कमी अधिकार असलेल्या माणसावर पडते. हे थांबवणे आपल्या हातात आहे. त्यासाठी नवे खाते उघडावे लागणार नाही आणि नवा खर्चही नाही.

गोष्ट जवळून पाहिल्याशिवाय पटणार नाही, म्हणून एक उदाहरण घेऊ. माणूस कल्पित आहे, पण पायऱ्या कोणत्याही कार्यालयात ओळखू येतील अशा आहेत. हिंजवडीत काम करणाऱ्या एका टेस्टरचे घर कणकवलीजवळच्या गावात आहे. २०२६ मध्ये गणेशचतुर्थी सोमवारी, १४ सप्टेंबरला येते. त्याला शुक्रवार ११ सप्टेंबरला निघून रविवार २० सप्टेंबरपर्यंत परतायचे आहे. शनिवार-रविवार आणि चतुर्थीची सुट्टी वगळली, तर रजा लागते पाच दिवसांची : ११, १५, १६, १७ आणि १८ सप्टेंबर. रेल्वेचे आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडते, म्हणजे ११ सप्टेंबरच्या गाडीसाठी १३ जुलैला सकाळी ८ वाजता. गणपतीतल्या कोकणच्या गाड्यांची आरक्षणे किती लवकर संपतात हे महाराष्ट्रात कोणाला सांगायला नको. म्हणून तो ६ जुलैलाच अर्ज करतो. लाइन मॅनेजरचे उत्तर येते, ‘माझी काही हरकत नाही, प्रोजेक्टला चालत असेल तर बघ.’ प्रोजेक्ट मॅनेजर म्हणतो, ‘सप्टेंबरच्या रिलीजची तारीख अजून ठरलेली नाही. तुझ्या लाइन मॅनेजरने अप्रूव्ह केलं की मग बघू.’ आता पहिला दुसऱ्यासाठी थांबलेला आहे आणि दुसरा पहिल्यासाठी. स्क्रीनवर अर्ज ‘पेंडिंग’ दिसतो. १३ जुलै उजाडतो आणि मावळतो. ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात लाइन मॅनेजर मंजुरीचे बटण दाबतो. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात रिलीजची तारीख १७ ठरते आणि प्रोजेक्ट मॅनेजर नकार देतो. तोवर तिकीटही नाही, रजाही नाही आणि गावी घरातल्यांना काय कळवायचे हेही ठरलेले नाही.

या सगळ्यात कोणी वाईट वागले असे म्हणता येत नाही. लाइन मॅनेजरचे वाक्य सौजन्याचे होते. प्रोजेक्ट मॅनेजरलाही रिलीजच्या आठवड्यात टेस्टर हवा असणे स्वाभाविक आहे. दोन समंजस माणसांनी आपापल्या जागी समंजस उत्तरे दिली, तरी तिसऱ्या माणसाला आठ आठवडे उत्तर मिळाले नाही. माणसे चांगली असूनही परिणाम वाईट येत असेल, तर दोष रचनेत शोधावा लागतो. तो दोष असा आहे, की रजेच्या अर्जात दोन निराळे प्रश्न असतात आणि आपण ते दोघांनाही एकाच शब्दात विचारतो. पहिला प्रश्न हक्काचा : रजा शिल्लक आहे का, नियमात बसते का, खात्यातल्या इतरांच्या रजांशी तिचा मेळ बसतो का? दुसरा प्रश्न कामाचा : त्या दिवसांत कोणते काम येणार आहे, ते कोण करेल, आणि कोणीच करू शकत नसेल तर रजेचे दिवस हलवता येतील का? पहिल्याचे उत्तर लाइन मॅनेजरकडे असते, दुसऱ्याची माहिती प्रोजेक्ट मॅनेजरकडे. पण प्रणालीत दोघांपुढेही तीच दोन बटणे असतात, मंजूर आणि नामंजूर. त्यामुळे माहिती देणाऱ्याच्या हातीही नकाराधिकार जातो, आणि निर्णय देणाऱ्याला ‘समोरच्याचे झाले की बघू’ असे म्हणायची सोय होते. नाही म्हणण्याची ताकद दोघांकडे असते, पण हो म्हणण्याची जबाबदारी एकाकडेही नसते.

याचा हिशेबही मांडून पाहता येतो. समजा, दोन्ही व्यवस्थापक उदार आहेत आणि प्रत्येक जण दहापैकी नऊ अर्ज मंजूर करतो. दोघांचे निर्णय एकमेकांशी न बोलता होत असतील, तर शंभर अर्जांपैकी पहिल्याकडून नव्वद सुटतील आणि त्या नव्वदांतले एक्क्याऐंशी दुसऱ्याकडून. म्हणजे नकार दहावरून एकोणीसवर जातात, आणि हे कोणीही तसूभर अधिक कडक न होता घडते. वेळेचेही तसेच. एकामागून एक मंजुरी असेल, तर प्रत्येकाचे तीन दिवस मिळून सहा होतात. मधे एक जण स्वतःच रजेवर असेल, तर किती होतील ते सांगता येत नाही. हे आकडे मी समजुतीसाठी धरलेले आहेत, कोणत्याही कंपनीचे नाहीत. आपल्या कंपनीचे खरे आकडे आपल्याच रजा-प्रणालीत पडलेले असतात. दोन मंजुऱ्या लागणारे आणि एकच लागणारे अर्ज वेगळे काढावेत. अर्ज केल्यापासून अंतिम उत्तर मिळेपर्यंतचे दिवस दोन्ही गटांत मोजावेत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, किती अर्ज कर्मचाऱ्याने स्वतःच मागे घेतले ते मोजावे. मागे घेतलेला अर्ज नकारांच्या रकान्यात कधीच दिसत नाही, पण पुष्कळदा तो कंटाळून सोडून दिलेला हक्क असतो.

हक्क हा शब्द मी विचार करून वापरतो आहे. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना (नोकरीचे व सेवाशर्तींचे विनियमन) अधिनियम, २०१७ याच्या कलम १८ मध्ये रजेची तरतूद आहे. कामगाराला वर्षाला आठ दिवसांची पगारी नैमित्तिक रजा मिळते. ती तिमाहीगणिक खात्यावर जमा होते आणि वर्षअखेर न वापरल्यास बुडते. वर्षात किमान २४० दिवस काम केलेल्याला दर २० दिवसांमागे एक दिवस अर्जित रजा मिळते आणि ती ४५ दिवसांपर्यंत साठवता येते. याच तरतुदीत आपल्या विषयाशी थेट भिडणारी एक ओळ आहे. देय असलेली रजा १५ दिवस आधी मागूनही मालकाने नाकारली, तर ४५ दिवसांवरच्या रजेचे पैसे मागण्याचा हक्क कामगाराला मिळतो. व्यवस्थापकीय आणि पर्यवेक्षकीय पदांना हा कायदा लागू नाही हे खरे. पण या ओळीमागचा विचार पदापुरता नाही. कायद्याच्या नजरेत अर्ज एक आहे, तो ज्याच्याकडे जातो तो मालक एक आहे, आणि उत्तर दोहोंपैकी एक आहे : मंजूर किंवा नामंजूर. नामंजुरीला परिणाम आहे, म्हणून नामंजुरी स्पष्ट असणे गरजेचे आहे. वरच्या उदाहरणात ६ जुलैपासून सप्टेंबरपर्यंत जे चालले होते ते यांपैकी काय होते? मंजुरी नव्हती आणि नकारही नव्हता. एका साहेबाचा होकार आणि दुसऱ्याचे मौन यांच्यामध्ये कर्मचाऱ्याचा हक्क अडकून पडतो, कारण नकाराची नोंदच होत नाही. नैमित्तिक रजेचे तर त्याहून वाईट. ती ३१ डिसेंबरला बुडते, आणि ‘पेंडिंग’ या शब्दाने कॅलेंडर थांबत नाही.

१९४८ च्या कारखाने अधिनियमातही हाच साधेपणा होता. त्यातल्या रजेच्या कलमानुसार कामगाराने १५ दिवस आधी लेखी अर्ज करायचा तो कारखान्याच्या ‘व्यवस्थापका’कडे. हा व्यवस्थापक कोण, त्याचे नाव कारखानदाराला निरीक्षकाकडे कळवावे लागे. म्हणजे यंत्रावरच्या कामगाराला आपल्या रजेचा निर्णय कोणाच्या हातात आहे हे नावानिशी ठाऊक असण्याची सोय कायद्याने करून ठेवली होती. काचेच्या इमारतीत संगणकापुढे बसणाऱ्या अभियंत्याला आज ती खात्री नाही.

व्यवस्थापनशास्त्राने हा प्रश्न पाहिलेला नाही असेही नाही. अमेरिकेतल्या फ्रेडरिक टेलर यांनी १९०३ मध्ये कारखान्याच्या व्यवस्थापनावर लिहिताना एका कामगारावर आठ निरनिराळ्या कामांचे मुकादम असावेत अशी मांडणी केली होती. पुढे १९१६ मध्ये फ्रान्समधल्या आँरी फायोल यांनी प्रशासनाची चौदा तत्त्वे सांगितली. त्यांतले एक असे, की एका कामासाठी माणसाला हुकूम एकाच वरिष्ठाकडून मिळावा, आणि टेलर यांची मांडणी या तत्त्वाला छेद देते असे त्यांचे मत होते. त्यानंतर अर्ध्या शतकाने, १९६० च्या दशकात, अमेरिकेच्या विमान आणि अवकाश उद्योगात मॅट्रिक्स रचना रुजली ती फायोल विसरल्यामुळे नव्हे. तिथे तांत्रिक दर्जा आणि प्रकल्पाची मुदत ही दोन्ही उद्दिष्टे सारखीच महत्त्वाची होती. त्यांतले एक दुसऱ्याला गिळून टाकू नये म्हणून दोघांना मुद्दाम समान बळ दिले गेले. स्टॅनली डेव्हिस आणि पॉल लॉरेन्स यांनी १९७७ मध्ये या रचनेवर पुस्तक लिहिले. रचनेचे समर्थन करतानाच त्यांनी तिचे आजारही नोंदवले, आणि त्यांतल्या एका आजाराला त्यांनी दिलेल्या नावाचा अर्थ होतो निर्णयाची गळचेपी : प्रत्येक गोष्ट सगळ्यांना विचारून करायची म्हटल्यावर काहीच होत नाही. आता रजेकडे पाहा. विमान दणकट हवे की लवकर हवे, असा कायमचा ताण रजेत नसतो. पाच दिवस माणूस नसेल, ते काम कसे भागवायचे एवढाच प्रश्न असतो. जो ताण टिकवण्यासाठी मॅट्रिक्स जन्माला आली तो इथे नाहीच, आणि तरीही त्या ताणाची किंमत आपण रजेच्या प्रत्येक अर्जावर वसूल करतो.

म्हणून माझी मागणी नेमकी सांगतो. प्रत्येक कर्मचाऱ्याच्या रजेला एकच मंजुरी-अधिकारी असावा. तो कोण हे माणूस प्रकल्पावर रुजू होतो त्याच दिवशी लेखी ठरावे आणि दोन्ही व्यवस्थापकांना माहीत असावे. तो लाइन मॅनेजरच असला पाहिजे असा माझा आग्रह नाही. माणूस पूर्ण वेळ एकाच प्रकल्पावर वर्षभर असेल, तर प्रोजेक्ट मॅनेजर अधिक योग्य ठरेल. दोन प्रकल्पांत वाटला गेला असेल, तर लाइन मॅनेजर. महत्त्व नाव एक असण्याला आहे. कर्मचारी अर्ज त्याच्याकडेच करेल. दुसऱ्या व्यवस्थापकाकडे अर्जाची प्रत आपोआप जाईल, आणि त्याच्यापुढे मंजूर-नामंजूर ही बटणे नसतील. त्याच्यापुढे एकच प्रश्न असेल : या दिवसांत काही अडचण आहे का? असेल तर ती कोणत्या तारखांना आहे, कोणत्या कामाची आहे आणि पर्याय काय, हे त्याने कामाच्या तीन दिवसांत मंजुरी-अधिकाऱ्याला कळवायचे. तीन दिवसांत काही आले नाही, तर हरकत नाही असे धरायचे. हरकत आली, तर दोघांनी आपसांत बोलायचे. त्या बोलण्यात कर्मचाऱ्याला निरोप्या करायचे नाही. पाचव्या दिवसापर्यंत मंजुरी-अधिकाऱ्याने एकच लेखी उत्तर द्यायचे. ते नकाराचे असेल, तर कारण आणि चालू शकतील अशा पर्यायी तारखा त्यातच हव्यात. त्यानेही पाच दिवसांत उत्तर दिले नाही, तर अर्ज त्याच्या वरिष्ठाकडे आपोआप जावा.

आता तेच उदाहरण या पद्धतीतून नेऊन पाहू. ६ जुलैला, सोमवारी, अर्ज जातो. टेस्टर दोन प्रकल्पांत वाटलेला आहे असे धरू, म्हणून लाइन मॅनेजर मंजुरी-अधिकारी आहे. प्रोजेक्ट मॅनेजरला विचारणा जाते. तो ९ जुलैपर्यंत कळवतो : ‘रिलीज सप्टेंबरच्या मध्यावर आहे, नक्की तारीख अजून नाही. शेवटच्या फेरीच्या चाचण्यांना कोणीतरी हवे.’ ही माहिती झाली, अडवणूक नाही. ती हातात आल्यावर लाइन मॅनेजर त्याच्याशी दहा मिनिटे बोलतो. खात्यातल्या दुसऱ्या टेस्टरला त्या आठवड्यासाठी नेमतो आणि ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात दोन दिवस हस्तांतरणासाठी राखतो. शुक्रवारी, १० जुलैला, कर्मचाऱ्याला एकच संदेश येतो : ‘११ आणि १५ ते १८ सप्टेंबर, पाच दिवसांची अर्जित रजा मंजूर. चाचण्यांचे हस्तांतरण २७ आणि २८ ऑगस्टला पूर्ण करावे. दोन्ही प्रकल्पांना कळवले आहे.’ सोमवारी, १३ जुलैला, सकाळी ८ वाजता तो निर्धास्तपणे आरक्षणाच्या खिडकीशी किंवा ॲपवर हजर असतो. रिलीज पुढे १७ सप्टेंबरला ठरली तरी काही बिघडत नाही, कारण नऊ आठवडे आधी बदली माणूस ठरलेला आहे. आणि बदली मिळणे खरोखरच अशक्य असते, तर नकारही त्याला १० जुलैलाच मिळाला असता. घरी कळवायला आणि दुसरी सोय लावायला त्याच्याकडे दोन महिने उरले असते. वेळेवर आलेला नकार माणूस पचवतो. आशेवर ठेवून शेवटच्या आठवड्यात आलेला नकार तो विसरत नाही.

यावर काही आक्षेप येतील, आणि ते वजनदार आहेत. पहिला प्रोजेक्ट मॅनेजरांचा असेल : ‘मुदत पाळण्याची जबाबदारी आमची, आणि माणूस सोडायचा अधिकार दुसऱ्याचा, हे कसे चालेल?’ पण आज त्यांच्या हातात जो अधिकार आहे तो फक्त अडवण्याचा आहे, बदली माणूस मिळवण्याचा नाही. बदली माणूस लाइन मॅनेजरच्या खात्यातून यायचा असतो, आणि आजच्या पद्धतीत त्या दोघांचे बोलणे होण्याची हमीच नाही. नव्या पद्धतीत ते बोलणे अनिवार्य होते. रिलीजच्या ज्या दिवसांत खरोखरच कोणालाही सोडता येणार नाही, ते दिवस तिमाहीच्या सुरुवातीला जाहीर करावेत. तशी यादी थोडक्या दिवसांची असेल, तर ती सगळे पाळतील. सबंध सप्टेंबर त्या यादीत टाकला, तर मात्र ते नियोजन नसून गणपतीच्या रजांना केलेला सरसकट नकार आहे, आणि मंजुरी-अधिकाऱ्याच्या वरिष्ठाने तो तसाच वाचावा.

दुसरा आक्षेप मौनाबद्दलचा आहे. तीन दिवस उत्तर नाही म्हणजे होकार, असे धरले तर कामाच्या रगाड्यात एखादी विचारणा नजरेआड होईल आणि ऐन वेळी माणूस नाही असे कळेल, ही भीती खोटी नाही. पण मौनाचा अर्थ आजही काहीतरी होतोच. आज तो नकार असा होतो, आणि त्याचा भार कर्मचाऱ्यावर पडतो. कोणाच्या तरी गप्प बसण्याची किंमत कोणीतरी मोजणारच असेल, तर ती गप्प बसणाऱ्याने मोजावी हे अधिक न्यायाचे आहे. शिवाय हे मौन सल्ला देणाऱ्याचे आहे. मंजुरी-अधिकाऱ्याच्या मौनाला मी होकार म्हणत नाही. तिथे अर्ज वर जातो, आणि माणसाची नजर फिरल्याशिवाय एकही रजा मंजूर होत नाही.

तिसरा आक्षेप परदेशी ग्राहकाचा आहे. पुष्कळ ठिकाणी दुसरा साहेब फ्रँकफर्टला किंवा न्यू जर्सीला बसलेला असतो, कधी तर तो ग्राहक कंपनीचाच माणूस असतो. ‘त्याने हो म्हटल्याशिवाय आम्ही कशी रजा देणार?’ असे विचारले जाते. उत्तर असे, की रजा हा मालक आणि कर्मचारी यांच्यातला व्यवहार आहे, आणि ग्राहक हा मालक नव्हे. ग्राहकाशी आपला करार सेवेचा आहे. ती सेवा अखंड देणे हे आपले कर्तव्य आहे, आणि त्यासाठी बदली माणूस उभा करणेही आपलेच. ग्राहकाला वेळेत कळवावे, त्याची अडचण ऐकावी, पण मंजुरीची मागणी त्याच्यापुढे ठेवू नये. ती ठेवण्याचे कामही कर्मचाऱ्यावर सोपवले जाते, तेव्हा एका कनिष्ठ माणसाला आपल्या कंपनीच्या वतीने ग्राहकाशी घासाघीस करायला लावलेले असते.

चौथा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. एकाच्याच हातात निर्णय दिला, तर पक्षपात होईल. आवडत्याला दिवाळीत रजा आणि नावडत्याला कधीच नाही. दोन सह्या असल्या की एकमेकांवर वचक राहतो, असे मानणारे बरेच आहेत. पण वचक राहायला दुसऱ्याला पहिल्याचे कारण दिसावे लागते. आज प्रत्येकाला दिसते ते केवळ एक बटण. पक्षपाताला खरा आडोसा मिळतो तो दोन सह्यांच्या मधल्या फटीत, कारण तिथे प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवू शकतो. एकच नाव असेल, प्रत्येक नकाराला कारण लिहिलेले असेल आणि वर्षअखेर मनुष्यबळ विभागाने ते नकार अधिकाऱ्यानुसार एकत्र वाचले, तर पक्षपात लपायला जागा उरत नाही. नाकारलेल्या रजेवर वरिष्ठाकडे दाद मागण्याची सोयही असावी. एकाधिकाराचा धोका उत्तरदायित्वाने कमी होतो. तो अधिकार दोघांत वाटून धूसर केला, तर धोका तसाच राहतो आणि फक्त दिसेनासा होतो.

शेवटी एक साधा वाटणारा आक्षेप उरतो : ‘एवढ्यासाठी नियम कशाला? दोघांशी बोलून घ्यावे, मोठी माणसे आहेत.’ बोलून घेणे कोणाला जमते हे पाहिले, की याचे उत्तर मिळते. दहा वर्षे मुरलेल्या, दोन्ही साहेबांशी अरे-तुरेत असलेल्या माणसाला ते जमते. नुकती रुजू झालेली मुलगी, प्रसूती रजेवरून परतलेली आई, दुसऱ्या शहरात बसून काम करणारा, किंवा ज्याचा दुसरा साहेब झोपेतून उठतो तेव्हा याची संध्याकाळ झालेली असते, या सगळ्यांना ते जमत नाही. दोघेही साहेब अशा माणसाच्या मूल्यमापनावर मत देणार असतात. एकाचा होकार दाखवून दुसऱ्याकडे जाणे म्हणजे दुसऱ्याला कोंडीत पकडल्यासारखे दिसते, म्हणून तो एकाकडेही नीट जात नाही. ज्याचे चालते त्याचे चालावे, असा हा अलिखित नियम आहे. लेखी नियमाची गरज ज्यांचे चालत नाही त्यांनाच असते.

आपल्या हातात असलेली गोष्ट छोटी आहे. रजा-प्रणालीत दुसऱ्या व्यवस्थापकाची पायरी ‘मंजुरी’वरून ‘मत’ अशी बदलायची, तिला तीन दिवसांची मर्यादा घालायची आणि प्रत्येक माणसाच्या नोंदीत मंजुरी-अधिकाऱ्याचे एक नाव भरायचे. आजारपणाची रजा यातून पूर्ण वगळावी, तिथे दोघांना एकदा कळवणे पुरेसे आहे. येत्या तिमाहीत एका विभागापुरते हे करून पाहावे. अर्ज ते उत्तर यांमधले दिवस आणि मागे घेतलेल्या अर्जांची संख्या आधीच्या तिमाहीशी ताडून पाहावी, आणि ते आकडे कर्मचाऱ्यांनाही दाखवावेत. माणसाचा वेळ दोन प्रकल्पांत वाटण्याचा अधिकार कंपनी स्वतःकडे घेते, तेव्हा त्या वाटणीचा मेळ घालण्याची जबाबदारीही तिच्याकडेच येते. कर्मचारी दोन साहेबांचे काम करतो. रजा मागताना त्याला उत्तर तरी एक द्या.

कळावे,

आपला,
संघटनरचनेचा एक अभ्यासक